फोटोतलं करपलेलं लॉन बदलताना दोन विटा ठेवा

मे महिन्यात घराचा फोटो काढला की लॉन ठिकठिकाणी करपलेलं दिसतं. वरून टिपलेलं गवत तिथे ताणून बसवलं, तर सतरंजी अंथरल्यासारखं वाटतं.

१. घरासमोर कॅमेऱ्यापासून ५ आणि १५ पावलांवर एकेक वीट ठेवून फोटो काढा.

२. करपलेल्या जागी बसवायला कॅनॉलकाठच्या हिरवळीचाही विटा तशाच ठेवून फोटो काढा. कॅमेऱ्याची उंची, कोन, झूम, उन्हाची बाजू तीच हवी.

३. फोटोशॉपमध्ये गवताचा लेयर वर ठेवा, खालचं दिसेल इतकी त्याची Opacity कमी करून विटा जुळवा. दोन्ही जुळल्या की पात्यांचा आकारही जुळला. जवळची जुळून दूरची वर-खाली राहिली, तर उंची किंवा कोन चुकला; पुन्हा फोटो काढा.

४. Opacity पुन्हा पूर्ण करा. Layer Mask ने गवत लॉनपुरतंच ठेवा, त्यावर गवताच्या ब्रशने जोत्यालगतची गवताची सरळ कड मोडा, मग विटा पुसा.

गवताचा फोटो मोठा करू नका, पाती धूसर होतात.