चांदीचा ३२०चा उंचवटा खोटा नसतो: प्लाझ्मा वारंवारतेत या चुका टाळा

बडोद्यात एम.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल घेताना दरवर्षी त्याच चुका दिसतात. त्यातली सगळ्यात सामान्य चूक 2π ची. प्लाझ्मा वारंवारता ω_p म्हणजे धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात ती वारंवारता; तिच्या खालचा प्रकाश धातू परत फिरवतो, वरचा आरपार जातो. λ_p ही तिचीच तरंगलांबी, n म्हणजे दर घनमीटरला मुक्त इलेक्ट्रॉन. सूत्र असं:

```
ω_p = √(n e² / ε₀ m)
λ_p = 2πc / ω_p
```

सोडियममध्ये दर घनमीटरला मुक्त इलेक्ट्रॉन सुमारे २.६५ × १०²⁸. त्यावरून ω_p येते ९.२ × १०¹⁵ रेडियन प्रति सेकंद. मुलं हिलाच हर्ट्‌झ समजून प्रकाशाच्या वेगाला भागतात आणि ३३ नॅनोमीटर लिहून मोकळी होतात. 2π घातला की २०५ येतं, आणि मोजलेला आकडा २१०च्या आसपास आहे. अल्कली धातू अतिनील प्रकाशात पारदर्शक होतात हे आर. डब्ल्यू. वुड यांनी १९३३मध्ये दाखवलं होतं. मी प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायला लावते. 'रेडियन' हा शब्द डोळ्यांसमोर असला की 2π विसरत नाही.

दुसरी चूक समजुतीची. 'वारंवारता वाढली की इलेक्ट्रॉन मागे पडतात, म्हणून प्रकाश आरपार जातो' हे वाक्य अर्ध्या वह्यांत असतं. जणू २०५ला एखादं बटण दाबलं जातं! इलेक्ट्रॉनची हालचाल वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात हळूहळू कमी होत जाते, अचानक काही घडत नाही. बदलतं ते ε = 1 − ω_p²/ω² या परावैद्युतांकाचं चिन्ह. सोडियमच्याच पिवळ्या ५८९च्या प्रकाशाला हे सूत्र उणे सव्वासात देतं; लाट आत शिरून चालू शकत नाही, सुमारे ३५ नॅनोमीटरमध्ये तिचं विद्युतक्षेत्र एक-तृतीयांशाच्या जवळ येतं आणि जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. १५० नॅनोमीटरला तेच सूत्र अधिक ०.४७ देतं, म्हणजे लाट आतून चालत जाते.

आता चांदी. एका मुलीने क्वार्ट्‌झच्या काचेवर बाष्पीभवनाने ५० नॅनोमीटर चांदी चढवली. आधी घरी गणित केलं होतं: चांदीची λ_p येते १३८, म्हणून २०० ते ८०० या पट्ट्यात काहीच आरपार जायला नको. प्रत्यक्षात दृश्य प्रकाशात दोन-तीन टक्के आणि ३२०पाशी वीस-पंचवीस टक्क्यांचा टोकदार उंचवटा. 'मॅडम, थराला भोकं पडलीत,' म्हणत तिने तीन काचा पुसून पुन्हा चढवल्या. तीन दिवस गेले. उंचवटा हललाही नाही.

माझ्याकडे आली तेव्हा मी आधी एकच विचारलं: भोकं असतील तर ती ३२०च निवडून कशी सोडतील? भोकातून सगळ्याच तरंगलांबी सारख्या जातात, आलेख सबंध वर उचलला जातो. मग तिला आरपार प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा संशय आला. तो रास्त होता, कारण आमच्या यंत्रात ड्युटेरियमचा दिवा जाऊन टंगस्टनचा येतो तो साधारण इथेच. आम्ही दिवा बदलायची तरंगलांबी ३६०वर नेली. उंचवटा जागचा हलला नाही, म्हणजे तो चांदीचाच.

गणित चुकलं नव्हतं, चांदी फक्त मुक्त इलेक्ट्रॉनांची नाही हे ती विसरली होती. चांदीतले बांधलेले d-इलेक्ट्रॉनही प्रकाशाला प्रतिसाद देतात, त्यामुळे वरच्या सूत्रातल्या 1च्या जागी या भागात साडेपाचच्या आसपास आकडा येतो. १३८ला त्याच्या वर्गमुळाने गुणा, ३२५च्या जवळ पोचाल. मात्र ही खिडकी अरुंद आहे. ३१०च्या खाली तेच d-इलेक्ट्रॉन प्रकाश शोषायला लागतात आणि दार पुन्हा बंद होतं. म्हणून सपाट पठार न येता टोक येतं.

'सगळे धातू अतिनीलमध्ये पारदर्शक' असं लिहू नका. ॲल्युमिनियमची λ_p सुमारे ८० नॅनोमीटर, म्हणूनच अतिनीलचे आरसे त्याचे करतात.

साधी काचपट्टी वापरू नका. ती स्वतःच साधारण ३००च्या खालचा प्रकाश अडवते.

आणि वरखाचा शॉर्टकट. एका घाईच्या मुलाने मांडवीतून मिठाईचा वरख आणून क्वार्ट्‌झवर ओल्या ब्रशने चिकटवला, बाष्पीभवनाची रांग टाळायला. वरखात जागोजागी भोकं आणि सुरकुत्या. भोकांतून आलेल्या प्रकाशाने आलेख सबंध उचलला आणि ३२०चा उंचवटा त्यात बुडून गेला. मी त्याला ती काच खिडकीसमोर धरायला लावली. चाळणीसारखे ठिपके त्याने स्वतः मोजले, आणि दुसऱ्या दिवशी बाष्पीभवनाच्या रांगेत नाव लिहिलं.