`<5` म्हणजे अडीच नव्हे

माझ्या पहिल्या पेपरासाठी दहा विहिरींच्या पाण्यातलं शिसं मोजून घेतलं होतं. लॅबचा रिपोर्ट आला त्यात पाच विहिरींपुढे आकडे होते आणि पाच विहिरींपुढे नुसतं `BDL`, म्हणजे शिसं डिटेक्शन लिमिटच्या, खात्रीने ओळखता येणाऱ्या सर्वात कमी प्रमाणाच्या, खाली. मी ती पाच घरं तशीच ठेवून एक्सेलमध्ये `AVERAGE` लावलं. उत्तर आलं 5.1 मायक्रोग्रॅम प्रति लिटर. मॅडमनी कागद पाहून एकच विचारलं, "पाच विहिरींत शिसं सापडलंच नाही म्हणतेस, मग त्या सरासरीत कुठे आहेत?" कुठेच नव्हत्या. एक्सेल सरासरी काढताना मजकुराची घरं गाळून टाकतं, त्यामुळे ती फक्त दूषित विहिरींची सरासरी होती.

मग सगळे करतात तेच केलं: डिटेक्शन लिमिटची निम्मी किंमत भरायची. पण त्यासाठी लिमिट माहीत हवी. `BDL` या तीन अक्षरांत ती नसते. म्हणून लॅबमध्ये जाऊन उपकरण सांभाळणाऱ्या काकांकडून मूळ शीट मागून घेतलं, आणि खरी गंमत तिथे कळली. लिमिट एक नव्हती, दोन होत्या.

काकांनी समजावलं ते असं. अगदी कमी शिसं घातलेल्या पाण्याचे सात नमुने पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण पद्धतीने चालवायचे, त्या सात आकड्यांचं प्रमाण विचलन काढायचं आणि 3.14 ने गुणायचं. त्यांचं विचलन 0.32 होतं, म्हणून लिमिट 1 मायक्रोग्रॅम. पण दोन विहिरींचं पाणी खारट होतं, विरघळलेले क्षार 3,500 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास. धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस उपकरणात साधारण 2,000 च्या वर क्षार घातले की नमुना ज्यातून आत जातो त्या धातूच्या शंकूंवर थर बसतो आणि सिग्नल ढासळतो. म्हणून लॅबच्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ते नमुने पाच पट पातळ केले होते. नमुना पाच पट पातळ केला की लिमिटही पाच पट होते. त्या दोन विहिरींचं `BDL` म्हणजे `<5`, बाकी तिघींचं `<1`.

सगळा डेटा मग असा दिसला:

```
<1  <1  <1  1.4  2.2  3.1  <5  <5  6.8  12
```

निम्मी किंमत भरली तर सरासरी 3.2 येते आणि मध्यक 2.35. मध्यक कुठून आला बघा: चढत्या क्रमात पाचवा आकडा 2.2 आणि सहावा 2.5, त्यांच्या मधला. तो 2.5 कोणीही मोजलेला नाही. काकांनी पातळ केल्यामुळे जी लिमिट 5 झाली, तिची ती निम्मी आहे. म्हणजे माझ्या पेपरातला मध्यक निम्मा विहिरीचा होता आणि निम्मा पिपेटचा.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे काप्लान-मायर. नाव वैद्यकशास्त्रातून आलेलं, पण हिशोब शेतीच्या वाटणीसारखा आहे. दहा विहिरींना प्रत्येकी एक वाटा द्या. `<5` वाल्या दोघींबद्दल आपल्याला एवढंच माहीत आहे की त्या 5 च्या खाली कुठेतरी आहेत. मग त्यांचे दोन वाटे 5 च्या खाली असलेल्या, आणि आपल्याला जास्त नेमक्या ठाऊक असलेल्या सहाजणींत (3.1, 2.2, 1.4 आणि तीन `<1`) सारखे वाटून टाकायचे. प्रत्येकीचा वाटा 1.33 होतो. 12 आणि 6.8 यांचा एकेकच राहतो. आता खालून मोजा: तीन `<1` मिळून 4 वाटे, त्यावर 1.4 चा वाटा चढवला की 5.33. पाचवा वाटा 1.4 वर पडतो, म्हणून मध्यक 1.4. सरासरीचं मात्र एकच उत्तर देता येत नाही, कारण खालचे 4 वाटे 0 ते 1 मध्ये कुठेही असू शकतात. सगळे 0 धरले तर 2.77, सगळे 1 धरले तर 3.17. मी पेपरात ही पट्टीच दिली. निम्म्याने भरलेली 3.2 ही सरासरी या पट्टीच्याही बाहेर पडते, हे लक्षात ठेवा.

आर वापरत असाल तर एवढंच लागतं. आकड्यांच्या जागी लिमिट लिहायची आणि शेजारी ती लिमिट आहे की मोजमाप, हे सांगायचं:

```r
library(NADA)
pb  <- c(1, 1, 1, 1.4, 2.2, 3.1, 5, 5, 6.8, 12)
cen <- c(TRUE, TRUE, TRUE, FALSE, FALSE,
         FALSE, TRUE, TRUE, FALSE, FALSE)
cenfit(pb, cen)
```

पण प्रोग्रॅमने आकडा दिला म्हणजे काम झालं असं नाही. वरची वाटणी एका गृहीतावर उभी आहे: `<5` विहिरींचं पाणी 5 च्या खालच्या इतर विहिरींसारखंच आहे. आमच्याकडे पातळ केलेल्या विहिरी नेमक्या खारट होत्या. खारटपणाबरोबर शिसंही वाढत असेल तर ही वाटणी त्या दोघींना उगाच स्वच्छ ठरवते. हे कळायला शिशाचा आलेख क्षारांसमोर काढून बघावा. पाच मोजमापांवरून काही ठरलं नाही, तेव्हा शंका मर्यादांच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिली.

तरी रिव्ह्यूअरने विचारलंच: "नॉन-डिटेक्ट्सचं काय केलं?" कारण पहिल्या मसुद्यात मी "योग्य त्या सांख्यिकी पद्धतीने हाताळले" असं लिहून मोकळी झाले होते. असं वाक्य लिहू नका, ते वाचून कोणालाच काही करता येत नाही. बदललेला परिच्छेद साधारण असा होता:

"दहापैकी पाच नमुन्यांत (50 टक्के) शिसं डिटेक्शन लिमिटच्या खाली होतं. सात पुनरावृत्तींवरून लिमिट 1 मायक्रोग्रॅम प्रति लिटर ठरली. क्षार जास्त असल्यामुळे दोन नमुने पाच पट पातळ केले, त्यांची लिमिट 5. कोणतीही पर्यायी किंमत भरलेली नाही. मध्यक काप्लान-मायर पद्धतीने काढला असून सरासरी खालच्या व वरच्या टोकांसह दिली आहे."

टेबलमध्ये `BDL` काढून `<1` आणि `<5` लिहिलं. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम. आपल्या दोन्ही लिमिट त्याखाली असल्यामुळे "दहापैकी एक विहीर मर्यादेबाहेर" हे वाक्य कुठल्याही पद्धतीशिवाय खरं ठरतं. त्याच पाण्यात मोजलेल्या कॅडमियमचं तसं नव्हतं. तिथे मानक 3 आणि पातळ केलेल्या नमुन्यांची लिमिट 5, तेव्हा त्या दोन विहिरी मानकात बसतात की नाही याबद्दल काही बोलताच येत नव्हतं. त्या आम्ही "ठरवता येत नाही" अशा वेगळ्या रकान्यात टाकल्या, शून्यात नाही.

एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. नायट्रिक आम्ल घालून ठेवलेलं धातूंसाठीचं पाणी सहा महिने चालतं, आणि आमच्या बाटल्या तोवर शिल्लक होत्या. काकांना विचारलं, पाच पटच का? दोन पट केलं तर क्षार 1,750 होतात, चालेल ना? ते म्हणाले, "विचारलंच नाही तुम्ही कुणी." दोन्ही नमुने पुन्हा चालवले. दोन्ही `<2` आले. काप्लान-मायरचा मध्यक होता तिथेच, 1.4 वर राहिला. निम्म्या किमतीचा मध्यक मात्र 2.35 वरून 1.2 वर आला, पाणी तेच असून.