अवक्षेप पडेल का? गणिताला हात घालण्याआधी

तक्त्यातली Ksp २५° सेल्सिअसची आहे ना, ते बघून घ्या. संतुलित समीकरण लिहा. संहती सगळीकडे मोलॅरिटीतच ठेवा. एवढं सगळ्यांना येतं.

मागच्या वेळी माझं गणित जिथे फसलं ते आता सांगतो: दोन द्रावणं मिसळली की दोघांचीही संहती उतरते. आधी ती नव्याने काढा. ५० मिली ०.०२ M Pb(NO₃)₂ मध्ये ५० मिली ०.०४ M NaCl ओतलं, तर PbCl₂ चा अवक्षेप पडेल का? बाटलीवरचे आकडे तसेच घातले की आयनिक गुणाकार ०.०२ × (०.०४)², म्हणजे ३.२ × १०⁻⁵ येतो. Ksp आहे १.७ × १०⁻⁵, म्हणून आपण ‘पडेल’ लिहून मोकळे होतो. पण घनफळ आता १०० मिली झालंय! शिसं ०.०१ M, क्लोराइड ०.०२ M, गुणाकार ४ × १०⁻⁶. अवक्षेप पडतच नाही. एका विसरण्याने उत्तर साफ उलटं होतं, म्हणून पुन्हा सांगतो: मिसळल्यानंतरची संहती, बाटलीवरची नव्हे.

इथे क्लोराइडचा वर्ग करायचा, दुप्पट नाही. ०.०२ ही क्लोराइडची प्रत्यक्ष संहती आहे. दुप्पट तेव्हाच होते, जेव्हा क्लोराइड विरघळलेल्या PbCl₂ मधूनच येतो आणि विद्राव्यता s मानलेली असते. शुद्ध पाण्यात तसंच घडतं: 4s³ = १.७ × १०⁻⁵, म्हणून s सुमारे ०.०१६ M.

आता समान आयन. ०.१ M NaCl मध्ये क्लोराइड ०.१ + 2s होतो. 2s सोडून दिला तर s = ०.००१७ M, जवळजवळ दहावा हिस्सा. सोडलेला 2s ०.१ च्या साडेतीन टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे चालेल. ही पडताळणी टाळू नका. हीच युक्ती ०.०२ M NaCl ला लावली तर s येतो ०.०४२५ M, शुद्ध पाण्यापेक्षाही जास्त! समान आयनाने विद्राव्यता वाढली असं उत्तर आलं की समजायचं, गृहीतक कोसळलंय. तिथे s(०.०२ + 2s)² = १.७ × १०⁻⁵ हे पूर्ण समीकरणच सोडवायचं. (आणि NaCl दुसऱ्या द्रावणात मिसळून केलेलं असेल, तर हा ०.०२ सुद्धा मिसळल्यानंतरचाच हवा.)

बाकी थोडक्यात. गुणाकार Ksp पेक्षा मोठा तर अवक्षेप, बरोबर तर संतृप्त, लहान तर काही नाही. क्लोराइड फारच संहत असेल तर हा हिशोब लावू नका, कारण शिसं जटिल आयन बनवून पुन्हा विरघळू लागतं. आणि उत्तराखाली रेघ मारण्याआधी एकूण घनफळ पुन्हा बघा.