कॉफी मशिनवर जर्मन सूचना आली? टाकीत काहीही ओतण्याआधी या चुका टाळा

जर्मनीहून परतणाऱ्या मुलांच्या सामानातून हल्ली दाणे दळून आपोआप कॉफी करणारं मशिनही खान्देशात येतं. तिथल्या मशिनचा वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, त्यामुळे प्लगची योग्य सोय केली की ते इथेही चालतं. काही आठवडे छान कॉफी मिळते आणि मग एके सकाळी पडद्यावर जर्मन ओळ येऊन थांबते. घरातलं कुणीतरी अंदाजाने टाकीत काहीतरी ओततं, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

सूचना येण्याआधीच भाषा बदलून ठेवा. मेनूमध्ये `Einstellungen` उघडा, त्यात `Sprache` निवडा आणि `English` करा. मराठी त्यात मिळणार नाही, पण घरातल्या सगळ्यांना इंग्रजी अक्षरं तरी ओळखीची असतात. हे करताना `Werkseinstellungen` ला हात लावू नका. त्याने मशिन कारखान्यातून निघालं तसं होतं, पाण्याच्या जडपणाची नोंदही मूळ आकड्यावर जाते, आणि भाषा मात्र बऱ्याचदा जर्मनच राहते. क्षार काढण्याचा किंवा सफाईचा कार्यक्रम सुरू झाला की बहुतेक मशिन मेनू उघडू देत नाहीत. मग तो संपेपर्यंत जर्मनवरच भागवावं लागतं.

क्षार काढणं आणि सफाई एकच समजू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. `Entkalken`, `Bitte entkalken`, `Gerät verkalkt` यांपैकी काहीही दिसलं तर मशिनच्या हीटरमध्ये आणि नळ्यांमध्ये पाण्याचा क्षार बसल्याची ती सूचना आहे. त्यासाठीचं औषध आम्लधर्मी असतं आणि ते पाण्याच्या टाकीतच जातं. `Reinigen` किंवा `Gerät reinigen` ही सूचना वेगळी. कॉफी जिथे दाबली जाते तिथे दाण्यांतलं तेल साचतं, ते धुण्याची ती मागणी असते. त्याची गोळी अल्कधर्मी असते. `Tablette einwerfen` दिसल्यावर ती वरच्या, दळलेली कॉफी टाकायच्या छोट्या खाचेत टाकायची असते. टाकीत त्या वेळी फक्त साधं पाणी लागतं.

क्षाराचं औषधही काही वेळा गोळीच्या रूपात येतं आणि दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पांढऱ्याच असतात. पाकीट फेकलं की ओळखणं कठीण जातं. सफाईची गोळी टाकीत गेली तर क्षार तसूभरही निघत नाही, उलट हीटरपर्यंत साबणासारखं पाणी जातं आणि पुढचे कितीतरी कप बेचव लागतात. म्हणून दोन्ही पाकिटांवर मार्करने मराठीत 'टाकी' आणि 'वरची खाच' असं लिहून ठेवा. काही मशिनमध्ये कॉफी दाबणारा भाग बाजूचं दार उघडून बाहेर काढता येतो. तो नळाखाली नुसत्या पाण्याने धुवायचा, भांड्यांचा साबण लावायचा नाही, कारण साबणाने त्यावरचं वंगण निघून जातं.

एकच ओळ, पण टप्पा वेगळा

क्षार काढण्याच्या कार्यक्रमात मशिन त्याच त्या दोन-तीन ओळी पुन्हा पुन्हा दाखवतं, आणि दर वेळी त्यांची मागणी वेगळी असते. माझी आतेबहीण धुळ्याला देवपुरात राहते. तिच्याकडे काय झालं ते सांगतो.

तिच्या मशिनवर `Gerät verkalkt` आलं. तिने कार्यक्रम सुरू केला. पहिली ओळ आली `Schale leeren`. शब्दकोशात `Schale` ला साल, टरफल, वाटी असे अर्थ सापडतात, पण इथे तो थेंब पडतात तो खालचा ट्रे. तिने ट्रे रिकामा करून परत बसवला. मग `Mittel in Tank` आलं, म्हणजे औषध टाकीत घाला. तिने बाटलीवर सांगितलेल्या मापाने औषध आणि पाणी घातलं, नळीखाली मोठं पातेलं ठेवलं आणि बटण दाबलं. मशिन थोडं द्रावण सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं. ही थांबण्याची वेळ मुद्दाम ठेवलेली असते, कारण आम्लाला क्षार विरघळवायला वेळ लागतो. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

पुन्हा `Schale leeren` आलं, तिने ट्रे रिकामा केला. त्यानंतर आलं `Wassertank füllen`, म्हणजे पाण्याची टाकी भरा. तिला वाटलं, औषध संपलं म्हणून मशिन आणखी मागतंय. तिने उरलेली बाटलीही टाकीत रिकामी केली. मशिनला तर इथे टाकी धुऊन ताजं पाणी हवं होतं, कारण हा खळबळून धुण्याचा टप्पा होता. टाकीत पाणी आहे की आम्ल, हे मशिनला कळत नाही. त्याने ठरलेलं माप सोडलं आणि `Kaffee bereit` दाखवून मोकळं झालं. नळ्यांमध्ये आम्ल भरलेलं, आणि पडदा म्हणतोय कॉफी तयार. पहिला कप आंबट लागला म्हणून तिने मला फोन केला.

उपाय सोपा होता. कॉफी कुणी प्यायची नाही. टाकी काढून नीट धुवायची, काठोकाठ ताजं पाणी भरायचं आणि गरम पाण्याच्या नळीतून ते सगळं बाहेर काढायचं. मग दुसरी टाकी भरून तेच. बाहेर आलेल्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघायचा. बुडबुडे उठले तर आम्ल अजून बाकी आहे. अगदी पातळ आम्लाला सोडा दाद देत नाही, म्हणून बुडबुडे थांबले तरी आणखी एक टाकी सोडायला सांगितली. शेवटी दोन कप कॉफी काढून ती ओतून टाकली, कारण कॉफीचा रस्ता गरम पाण्याच्या नळीपेक्षा वेगळा असतो आणि तोही धुतला जायला हवा.

कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, क्रम मात्र हाच राहतो: ट्रे, औषध, ट्रे, ताजं पाणी. कार्यक्रम चालू असताना टाकीची ओळ दुसऱ्यांदा दिसली की साधं पाणीच घाला. काही मशिन धुण्याचा टप्पा दोनदा करून घेतात. तेव्हा तीच ओळ तिसऱ्यांदाही येते आणि तेव्हाही पाणीच घालायचं.

आपल्याकडे यात विजेचाही प्रश्न येतो. हा कार्यक्रम अर्धा-पाऊण तास चालतो. भारनियमनाची वेळ जवळ असेल तर सुरूच करू नका. घरच्या इन्व्हर्टरवर तो रेटता येईल असं समजू नका, कारण हीटर सुमारे १,४०० वॅट ओढतो आणि साधा घरगुती इन्व्हर्टर तेवढा भार घेत नाही. मध्येच वीज गेली तर द्रावण नळ्यांत अडकून राहतं. वीज आल्यावर पडदा जे मागेल ते पूर्ण करा. तो काहीच न मागता कॉफीला तयार झाला, तरी आधी वर सांगितल्याप्रमाणे मशिन धुऊन घ्या.

टाकी भरलेली असताना पाणी मागतंय

रोजच्या वापरात मात्र `Wassertank füllen` चा अर्थ सरळ आहे. तरीही लोक फोन करून म्हणतात, "भाऊ, टाकी भरेल शे, तरी बी पानी मांगस." आधी टाकी उचलून पुन्हा घट्ट दाबून बसवा, कारण अर्धवट बसलेल्या टाकीचा खालचा झडपेचा भाग उघडत नाही. मग टाकीच्या आत पाहा. बऱ्याच मशिनमध्ये चुंबक असलेला छोटा तरंगणारा तुकडा असतो. क्षाराने तो तळाशी चिकटला की मशिन टाकी रिकामी समजतं. बोटाने हलवा, जुन्या ब्रशने घासा.

तो तुकडा नसेल आणि घरात आरओचं पाणी वापरत असाल, तर संशय पाण्यावर घ्या. काही मशिन पाण्यातून वीज वाहते का ते पाहून पाणी ओळखतात. आरओच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की त्यांना पाणी असल्याचं कळतच नाही. थोडं नळाचं पाणी मिसळून बघा. ओळ गेली तर कारण सापडलं.

जडपणाचा आकडा जुन्या गावाचा ठेवू नका

मशिन आत बसलेला क्षार मोजत नाही. किती पाणी गेलं ते मोजतं आणि मेनूतल्या `Wasserhärte` या आकड्यावरून हिशेब करतं. हा आकडा बऱ्याच मशिनमध्ये जर्मन अंशांत असतो, पडद्यावर `°dH` असा. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात जडपणाची इष्ट मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे ११ पासून जवळजवळ ३४ अंशांपर्यंत.

बहिणीच्या बोअरच्या पाण्याच्या तपासणीत जडपणा ४५० आला होता. १७.८ ने भागलं तर २५ अंश होतात. मशिनमध्ये मात्र आधीच्या घरचा ८ हा आकडा तसाच होता. म्हणजे क्षार तिपटीने जास्त बसत होता आणि मशिन आपलं निवांत. सूचना आली तोवर कॉफीची धार बारीक झाली होती आणि पंप कुरकुरत होता. तपासणी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत करून घेता येते. ते नको असेल तर पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्या मिळतात. बोअर, नळ, टँकर, आरओ असा पाण्याचा स्रोत बदलला की आकडाही बदला. टाकीत गाळणीची कांडी असेल तर क्षार काढण्याआधी ती बाहेर काढा, आम्लाने ती निकामी होते.

लिंबूसत्व आणि व्हिनेगर

नळाची तोटी लिंबाने उजळते म्हणून मशिनमध्येही लिंबूसत्व घालायचा मोह होतो. पण गरम पाण्यात लिंबूसत्वाचा कॅल्शियमशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तो फारसा विरघळत नाही. गरम हीटरजवळ तोच साचून बारीक नळ्या बुजवतो. व्हिनेगर रबरी वायसर खराब करतं आणि वास बराच काळ जात नाही. मशिनसाठीचं औषध, अनेकदा लॅक्टिक आम्लाचं असतं, तेच वापरा. नुसतं टाकीत औषध घालून गरम पाण्याच्या बटणाने ते बाहेर काढलं तर क्षार थोडाफार निघेलही, पण पडद्यावरची ओळ जाणार नाही. मशिनची मोजणी पूर्ण कार्यक्रम पार पडल्यावरच शून्यावर येते.

कार्यक्रम नीट पूर्ण करूनही लगेच `Gerät verkalkt` परत आलं, किंवा धुण्याच्या टप्प्यात पंपाचा आवाज येतोय पण पाणी बाहेर पडत नाही, तर औषधाचा दुसरा डोस देऊ नका. सुटलेला क्षाराचा खडा झडपेत अडकलेला असू शकतो. तो मशिन उघडूनच निघतो.