आई भिंतीत विरघळली तेव्हा

आमच्या एकांकिकेत वडिलांच्या तेराव्याच्या रात्री आई आणि मुलगी घर विकायचं की नाही यावर बोलतात. घर उबदार वाटावं म्हणून भिंती म्हणून उभे केलेले फ्लॅट मातकट पिवळे रंगवले, आईला बदामी सुती साडी दिली, शहरातून आलेल्या मुलीला निळा कुर्ता. ट्यूबलाइटखाली सगळं छान दिसायचं. रंगीत तालमीत दिव्यांवर अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी, जिलेटिनचा पारदर्शक कागद लागला आणि आई भिंतीत विरघळली, कुर्ता काळपट पडला. दुःख दिसेना, नुसता मळकटपणा दिसत होता.

शेवटच्या रांगेतून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला, तेव्हा चूक कळली. साडी आणि भिंत एकाच करड्या छटेत मिसळल्या होत्या. रंग निवडताना आम्ही उजळपणाचा विचारच केला नव्हता. साडी तीच ठेवली आणि भिंतीवर पातळ तपकिरी रंगाचा हात दिला. आईचे खांदे लगेच उठून दिसले.

कुर्त्यासाठी वीतभर कापडं आणून त्याच अंबरखाली धरली. हिरवं तपकिरी दिसलं, विटकरी खुललं, पण ते घरातलंच वाटत होतं आणि मुलगी तर परकी झालेली. म्हणून निळाच ठेवला आणि खिडकीतून फिका निळा प्रकाश सोडला. ती खिडकीशी गेली की कुर्ता जिवंत होतो, आईजवळ आली की विझतो. नाटकाला हेच हवं होतं.

खुंटीवरचं वडिलांचं पांढरं धोतर मात्र सगळ्यांची नजर खेचत होतं. ते कोऱ्या चहात अर्धा तास बुडवलं.