ओट्याचा कटआउट आणि १९ तारीख

इंटिरियरच्या कामात क्लायंटचा निर्णय अडला, की त्याला ‘अजून तुमच्याकडून आलं नाही’ असं लिहायच्या आधी पहिलं काम म्हणजे आपलाच फोन तपासणं. आपण ते नक्की मागितलं होतं का, कधी, कुठे आणि कुणाकडे? एका कामात आठ दिवस मी क्लायंटच्या नावाने बोटं मोडत होते. शेवटी वर स्क्रोल केलं, तर वॉर्डरोबचं ड्रॉइंग मी साइटच्या ग्रुपवर टाकलेलं निघालं. त्या ग्रुपमध्ये सुतार, इलेक्ट्रिशियन आणि मी एवढेच होतो. तेव्हापासून मागणी पाठवण्याआधी प्रत्येक गोष्टीसमोर ‘कधी मागितलं’ ही तारीख वहीत लिहिते. तारीख सापडली नाही, तर ती पहिली मागणी समजायची, आठवण नव्हे. मेसेजचा सूरही मग तसाच ठेवायचा.

खरं उदाहरण घेऊ. २०२५ सालचं पुण्यातलं एक स्वयंपाकघर, दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला गृहप्रवेश. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन गोष्टी अडकल्या होत्या. हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची शेगडी, कुठल्या मॉडेलचा, वॉटर प्युरिफायर सिंकच्या वर की खाली, आणि शटरच्या लॅमिनेटचा रंग. तिन्ही एकाच मेसेजमध्ये ‘लवकर कळवा’ म्हणून टाकणं सोपं होतं. पण त्या एका वजनाच्या नव्हत्या. हॉब ठरल्याशिवाय ग्रॅनाइट कापता येत नाही, कारण ओट्यातलं भोक किती लांब-रुंद घ्यायचं हे मॉडेलप्रमाणे बदलतं. ‘तीन बर्नरचा घेणार आहोत’ एवढ्यावर कारागीर कटर चालवत नाही, आणि चालवू नये. प्युरिफायरचा पाण्याचा आणि विजेचा पॉइंट टाइल्स लागायच्या आधी काढावा लागतो. लॅमिनेट मात्र कारखान्यात ऑर्डर जाईपर्यंत थांबू शकतं.

म्हणून तारीख शेवटाकडून मोजत यायची, आणि कॅलेंडर भिंतीवरचं, सणवारांचं घ्यायचं. २९ आणि ३० सप्टेंबर साफसफाईला. त्याआधी शटर आणि ट्रॉल्या बसवायला सहा दिवस, म्हणजे माल २२-२३ सप्टेंबरला साइटवर हवा. आमचा कारखाना अठरा दिवस घेतो, म्हणून ऑर्डर ३ सप्टेंबरला गेली पाहिजे. ऑर्डरसाठी पक्की मापं लागतात आणि ती ग्रॅनाइट बसल्यावरच घेता येतात. २७ ऑगस्टला गणपती, ३१ला गौरी. ग्रॅनाइटवाला त्या आठवड्यात मिळणार नाही हे मी गृहीतच धरलं. म्हणजे ओटा २६च्या आत बसायला हवा आणि कापणी २० तारखेला सुरू व्हायला हवी. यातून १९ ऑगस्ट, मंगळवार ही तारीख निघाली. हॉब आणि प्युरिफायर १९ला, लॅमिनेट २ सप्टेंबरला.

सुरक्षित राहावं म्हणून काहीजण चार दिवस आधीची खोटी तारीख सांगतात. मी सांगत नाही. एकदा तारीख उलटली आणि तरीही काम चालू राहिलं, की पुढच्या तारखेला कुणी विचारत नाही.

आणखी एक. लॅमिनेटची २ सप्टेंबर फक्त कारखान्यामुळे नव्हती. ८ तारखेला पितृपक्ष लागत होता, आणि ‘पंधरवड्यात काही नको ठरवायला’ हे आपल्याकडे बऱ्याच घरांत ऐकावं लागतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा तारीखच अलीकडे राहील असं बघावं.

मेसेज कधी पाठवायचा हेही ठरवून ठेवावं. १५ ऑगस्ट शुक्रवारी होता, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. निम्मं पुणे कोकणात. म्हणून मेसेज सोमवारी, ११ला गेला. पाठवण्याआधी फोन केला, कारण तारीख आधी कानावर पडली की लेखी मेसेज नोटिशीसारखा वाटत नाही. फोनवर एकच जास्तीचा प्रश्न विचारला, हॉब नक्की कोण ठरवणार? ग्रुपवर बोलत होते साहेब, पण रोज ओट्याशी उभ्या राहणार होत्या त्यांच्या आई. साहेबांना पाठवलेली लिंक आईंपर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून तीन आठवडे उत्तर नव्हतं. मग दोन मॉडेलचे फोटो त्यांना थेट पाठवले.

लेखी मेसेज असा होता:

‘नमस्कार सर, फोनवर बोलल्याप्रमाणे. ओट्याचं ग्रॅनाइट बुधवारी, २० तारखेला कापायला देत आहोत. त्यासाठी मंगळवार, १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६ पर्यंत दोन गोष्टी हव्यात. (१) हॉबचा मॉडेल नंबर. आईंना पाठवलेल्या फोटोंपैकी “अ” की “ब”, एवढं लिहिलंत तरी चालेल. (२) वॉटर प्युरिफायर सिंकच्या वर की खाली. मंगळवारपर्यंत उत्तर आलं नाही तर प्युरिफायरचा पॉइंट ड्रॉइंगप्रमाणे सिंकच्या वर काढू. हॉबबद्दल मात्र आम्ही अंदाजाने कापणार नाही. मग ओट्याचं काम गौरी-गणपतीनंतर जाईल आणि फिटिंग ५ ऑक्टोबरपर्यंत चालेल. लॅमिनेटचं २ सप्टेंबरपर्यंत चालेल, त्याचं वेगळं कळवते.’

यात दोन ठिकाणी हात राखलेला आहे. प्युरिफायरसाठी ‘उत्तर नाही तर आम्ही असं करू’ म्हटलं, कारण तो पॉइंट मंजूर ड्रॉइंगमध्ये आधीच होता आणि पुढे हलवायचा म्हटलं तर एक-दोन टाइल्सवर निभावतं. कापलेला दगड जोडता येत नाही, म्हणून हॉबला तशी सूट नाही. दुसरं, ५ ऑक्टोबर ही धमकी नव्हे, हिशेब आहे. ओटा ८ सप्टेंबरपर्यंत, ऑर्डर १०ला, माल २९ला, त्यावर सहा दिवस. क्लायंटने विचारलं तर हे आकडे एका दमात सांगता आले पाहिजेत. ‘खूप उशीर होईल’ या वाक्याने कुणी हलत नाही. दसऱ्याला शटर नसलेला ओटा डोळ्यांसमोर आला की हलतात.

ओटा आधी बसवून भोक नंतर जागेवर पाडता येतं का, असं विचारलं जाणारच. उत्तर तयार ठेवा. येतं, पण घरभर धूळ होते, आणि हॉबच्या पुढे-मागे दगडाची जी अरुंद पट्टी राहते ती कापताना तडकू शकते. तडकली तर नवी स्लॅब कुणाच्या खर्चाने, हे आधी लिहून घ्यावं लागतं. मी तो मार्ग स्वतःहून सुचवत नाही.

मधली आठवण एकच पुरते, गुरुवारी १४ला, दोन ओळींची. मग थेट सोमवारी १८ला फोन. रोज ‘गुड मॉर्निंग, काही ठरलं का’ पाठवलं तर तारखेची धार जाते.

उत्तर आल्यावर ते उत्तर आहे ना, हे बघायचं. अंगठा म्हणजे मेसेज वाचला, मंजुरी नव्हे. व्हॉइस नोट आली तर ऐकून त्यातला निर्णय आपणच लिहायचा, ‘म्हणजे “ब” फायनल, बरोबर?’, आणि ‘हो’ येईपर्यंत ग्रॅनाइटवाल्याला काही कळवायचं नाही. माझ्याकडे १९ला पावणेसहाला आईंची व्हॉइस नोट आली: ‘तो दुसरा बरा वाटतोय, पण बर्नर जरा जवळजवळ नाहीत का गं?’ हे उत्तर नव्हतं. लगेच फोन लावला. त्यांच्या सध्याच्या सगळ्यात मोठ्या कुकरची रुंदी टेपने मोजून घेतली, ‘ब’च्या बर्नरमधल्या अंतराशी ताडून पाहिली. कुकर आणि कढई शेजारी बसत होती. ‘मग तोच घे,’ त्या म्हणाल्या. ते मी ग्रुपवर लिहिलं, साहेबांनी खाली ‘मान्य’ लिहिलं, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीच्या माहितीपत्रकातलं कटआउटच्या मापांचं पान कारागिराला पाठवलं.