साबण सोडला तरी नडग्या कोरड्याच? या चुका टाळा

अंघोळ करून पंधरा मिनिटं झाली की माझ्या नडग्यांची कातडी ओढल्यासारखी व्हायची. नखाने हलकेच रेघ मारली की पांढरी उमटायची, आणि काळी सलवार उलटी केली की आत बारीक कोंडा दिसायचा. साबणाच्या वडीने त्वचा कोरडी पडते असं ऐकून होते, म्हणून वडी बंद केली आणि बॉडी वॉश आणला. तीन आठवडे नेमाने वापरला. नडग्या होत्या तशाच.

मग एक दिवस बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. पाण्याच्या पाठोपाठ लॉरिक ॲसिड, मिरिस्टिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड. म्हणजे मी साबण सोडलाच नव्हता, पातळ साबण वापरत होते. पीएच म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली. थोडा द्राव पाण्यात कालवून त्यात पीएच पट्टी बुडवली, तर रंग 9 आणि 10 च्या मधला आला.

चूक: वडी की बाटली, यावरून ठरवणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. वडी म्हणजे कडक आणि बाटली म्हणजे सौम्य, असं नसतं. तेल किंवा चरबीवर अल्कलीची क्रिया केली की साबण तयार होतो. ती अल्कली सोडियमची असेल तर साबण घट्ट होतो, पोटॅशियमची असेल तर मऊ किंवा पातळ. दोन्हींचा पीएच साधारण 9 ते 10 च्या घरात असतो.

‘हा साबण त्वचेसारखा 5.5 पीएचचा का करत नाहीत?’ असं मला अनेकांनी विचारलंय. त्याचं उत्तर घरीच बघता येतं. साबणाचा थोडा कीस कोमट पाण्यात विरघळवा आणि त्यात चमचाभर व्हिनेगर घाला. पाणी दूध फाटावं तसं फाटतं, वर पांढरट, तेलकट कण तरंगतात आणि कितीही ढवळलं तरी फेस येत नाही. आम्लात साबण साबण राहतच नाही, त्याचं पुन्हा स्निग्ध आम्ल होतं. त्यामुळे खरा साबण आम्लधर्मी करता येत नाही. साबण लावून झाल्यावर अंगाला लिंबू चोळायचा सल्लाही म्हणूनच मला पटत नाही. लिंबाचा रस त्वचेच्या पीएचपेक्षा कितीतरी जास्त आम्ल असतो, कोरड्या कातडीला तो झोंबतो.

पीएच 5.5 ते 7 च्या आसपास हवा असेल तर साबणाऐवजी दुसरी स्वच्छक द्रव्यं लागतात. ती वडीतही मिळतात. अशा वडीला त्वचारोगतज्ज्ञ सिंडेट बार म्हणतात, आणि तिच्या यादीत बहुतेकदा सुरुवातीलाच सोडियम कोकोइल आयसेथायोनेट असतं. याउलट सोडियम पामेट, सोडियम कोकोएट किंवा सोडियम टॅलोएट दिसलं की तो साबण. बाटलीवर पोटॅशियम लॉरेट, पोटॅशियम मिरिस्टेट किंवा माझ्या बाटलीसारखी ॲसिड आणि हायड्रॉक्साइडची जोडी असेल तर तोही साबणच. पुढच्या बाजूला ‘मॉइश्चरायझिंग’ लिहिलेलं असलं तरी यादीतली पहिली चार-पाच नावं वाचाच.

एवढी काळजी का, तर आपल्या त्वचेचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 असतो. पीएचची एक पायरी म्हणजे आम्लतेत दहापट फरक, त्यामुळे 5.5 आणि 9.5 मध्ये दहा हजारपटींचं अंतर पडतं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना धरून ठेवणारी स्निग्ध द्रव्यं तयार करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, आम्ल वातावरणात नीट काम करतात. पीएच वर गेला की ती मंदावतात, आणि पेशींचे सांधे तोडणारी विकरं जोर धरतात. कोंडा पडतो तो यातूनच. निरोगी त्वचा काही तासांत पुन्हा पूर्वपदावर येते. त्यामुळे तेलकट त्वचेच्या तरुण माणसाला रोज साबण लावूनही काही होत नाही, आणि त्याने तो बदलायचं कारणही नाही. कोरड्या त्वचेच्या किंवा वयस्क माणसाला मात्र, त्यातही दिवसातून दोनदा साबण लावत असेल तर, हा सावरायचा वेळ पुरत नाही.

चूक: ‘पीएच 5.5’ वाचून निर्धास्त होणं

पीएच हा अर्धाच हिशोब आहे. सोडियम लॉरिल सल्फेट या स्वच्छक द्रव्याचा पीएच जुळवून घेता येतो, तरी ते त्वचेतली तेलं काढून नेतं. संशोधक प्रयोगासाठी मुद्दाम त्वचा चुरचुरवतात तेव्हा हेच द्रव्य वापरतात, यावरून काय ते समजा. त्याच्याशी नावाने मिळतंजुळतं सोडियम लॉरेथ सल्फेट त्यामानाने सौम्य, आणि सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर आणखी सौम्य.

शिवाय प्रमाण. वडी हातावर फिरवली की थोडीच झिजते, बाटलीतून मात्र तळहात भरून द्राव येतो. बॉडी वॉश धुतल्यावरही अंग जरा निसरडं लागतं. तो निघालाच नाही असं वाटून लोक पुन्हा पुन्हा चोळतात, काही जण वर वडी लावून घेतात. तो निसरडेपणा बहुतेकदा त्यातल्या मऊपणा देणाऱ्या घटकांचा असतो. उलट जड पाण्यात साबण लावल्यावर अंग करकर वाजतं, ते स्वच्छतेचं लक्षण नाही. पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून जो चिकट साका बादलीला धरतो, तोच थोडासा अंगावरही बसतो.

चूक: वडीवरच्या जंतूंना भिऊन बाटली घेणं

वापरलेल्या वडीवर जंतू सापडतात, हे खरं. पण ते हातावर उतरतात का, हे 1988 साली तपासलं गेलं. वड्यांवर मुद्दाम जिवाणू लावले आणि लोकांना त्यांनी हात धुवायला दिले. धुतलेल्या हातांवर ते जिवाणू आढळले नाहीत. फेस आणि पाणी त्यांना वाहून नेतात. वडी मात्र पाण्याच्या थारोळ्यात ठेवू नका, भोकं असलेल्या साबणदाणीत कोरडी होऊ द्या. कोणाला त्वचेचा संसर्ग झाला असेल तर त्याची वडी वेगळी ठेवा.

मला काळजी वाटते ती बॉडी वॉशसोबत येणाऱ्या जाळीच्या लूफाची. तो न्हाणीघरात लटकून दिवसभर ओला राहतो, त्यात मेलेली कातडी अडकते, आणि जिवाणूंना याहून चांगली जागा कुठली? हाताने फेस करून लावला तरी काम होतं. लूफा हवाच असेल तर पिळून न्हाणीघराबाहेर वाळवा आणि वरचेवर बदला.

माझ्या नडग्यांचं काय झालं

या वेळी मी दोन्ही पायांवर एकच प्रयोग केला नाही. उजव्या पायाला जुना पातळ साबण चालू ठेवला, डाव्याला सिंडेट बार. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांच्या आत, आणि अंग दमट असतानाच दोन्ही पायांना एकच मलम. दहाव्या दिवशी दोन्ही नडग्यांवर नखाने रेघ मारली. उजवीवर पांढरी उमटली, डावीवर पुसटच दिसली. मग उजव्या पायाचाही साबण बंद केला. आता सिंडेट बारसुद्धा काखा, जांघा आणि पावलांपुरताच लावते. नडग्यांवर घाम आणि तेल कमी असतं, धूळ-माती लागली नसेल तर त्यांना नुसतं पाणी पुरतं.

असा बदल करून तीन-चार आठवडे झाले आणि तरी खाज, लाल चट्टे किंवा भेगा राहिल्या, तर पुढची वडी किंवा बाटली शोधत बसू नका. तो इसब असू शकतो, किंवा सुगंधी द्रव्याची ॲलर्जी. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना वापरत असलेल्या वस्तूंची वेष्टनं सोबत न्या, मागची यादी त्यांना बघायचीच असते.